मला काहीच त्रास नाही, मग औषध कशाला?

*ताई, मी २३ वर्षांची आहे. मूळची गडहिंग्लजची, शिक्षणासाठी कोल्हापुरात राजारामपुरीत पीजीवर राहते. दीड वर्षापासून माझा एक मित्र आहे. मागच्या आठवड्यात त्याला लघवीला जळजळ होऊन पू जायला लागला. रिपोर्टमध्ये गोनोरिया आला. शनिवारी डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि सात दिवसांच्या गोळ्या दिल्या. तीन-चार दिवसांत बरं वाटलं म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. बुधवारी आम्ही भेटलो, कंडोम नव्हता. आता तो म्हणतो, "तुझ्याकडूनच आलं, तूही दाखवून घे." मला ना दुखतं, ना खाज, ना ताप. लघवी तपासली, ती नॉर्मल आली. पीजीतल्या कॉमन संडासातून लागलं असेल का? दवाखान्यात गेले तर घरी कळेल का? आणि पुढे लग्न झाल्यावर मूल होईल ना? — अनामिका*

अनामिका, तपासणी आणि उपचार दोन्ही कर, आणि या दोन-चार दिवसांतच कर. त्रास सुरू होण्याची वाट बघू नकोस, कारण बहुतेक मुलींना तो सुरूच होत नाही. तुझ्या मित्राचे उपचारही पहिल्यापासून पुन्हा व्हायला हवेत. त्याला ते आवडणार नाही. पण ते पुन्हा का घ्यायचे, हे पुढे सांगते.

आधी त्रास का होत नाही ते समजून घे. पुरुषाची लघवीची नळी अरुंद आणि संवेदनशील असते. गोनोरियाचे जंतू तिथे शिरले की बहुधा दोन ते सात दिवसांत जळजळ आणि पू सुरू होतो, आणि माणूस धावत दवाखाना गाठतो. बाईच्या शरीरात हेच जंतू बसतात गर्भाशयाच्या तोंडाशी. तिथे वेदना कळवणाऱ्या नसा फारशा नसतात आणि जो थोडा स्राव होतो तो रोजच्या पांढऱ्या जाण्यात मिसळून जातो. गोनोरिया झालेल्या स्त्रियांपैकी जवळपास निम्म्यांना काहीच जाणवत नाही. गोनोरियासारखाच शरीरसंबंधातून पसरणारा क्लॅमिडिया तर त्याहून गुपचूप असतो, त्यात चारपैकी तीन जणींना काही कळत नाही. उलट अंगावरून भरपूर पांढरं जाणं किंवा खाज येणं याचं कारण बहुतेकदा बुरशी किंवा दुसरा एखादा साधा संसर्ग असतो. म्हणजे खाज आहे म्हणून हा आजार असेलच असं नाही, आणि काहीच नाही म्हणून तो नसेलच असंही नाही.

वयाचाही संबंध आहे. विशी-पंचविशीपर्यंत गर्भाशयाच्या तोंडावरचा नाजूक पेशींचा थर बऱ्याचदा बाहेरच्या बाजूला उघडा असतो, आणि या दोन्ही जंतूंना नेमक्या त्याच पेशी लागतात. म्हणून अमेरिकेसारख्या देशांत शरीरसंबंध ठेवणाऱ्या २५ वर्षांखालच्या प्रत्येक मुलीला, त्रास असो वा नसो, वर्षातून एकदा ही तपासणी करायला सांगतात. आपल्याकडे अशी सरसकट तपासणी होत नाही. आपल्याकडचा सरकारी कार्यक्रम प्रामुख्याने लक्षणांवर चालतो: स्राव दिसला की त्यानुसार औषध. ज्या मुलीला लक्षणच नाही, ती अशा जाळ्यातून सहज निसटते. तुझ्या बाबतीत धोक्याची घंटा तुझ्या शरीराने नाही, मित्राच्या शरीराने वाजवली.

आता तुझ्या "नॉर्मल" लघवीबद्दल. साध्या तपासणीत साखर, प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी बघतात. कल्चर केलं असतं तरी हे जंतू सापडले नसते. क्लॅमिडिया जिवंत पेशीच्या आतच वाढतो, आणि गोनोरियाच्या जंतूला लागणारं खाद्य लघवीच्या नेहमीच्या कल्चरमध्ये नसतं. तुला हवी आहे ती पीसीआर तपासणी, म्हणजे जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी. लॅबमध्ये "क्लॅमिडिया आणि गोनोरियाची पीसीआर" असं स्पष्ट विचार. काही ठिकाणी ती "एसटीडी पॅनल" या नावाखाली मिळते. तसं असेल तर त्यात ही दोन्ही नावं आहेत ना, ते बघून घे. क्लॅमिडियाची रक्तातली अँटिबॉडी तपासणी कुणी गळ्यात मारली तर पैसे देऊ नकोस. ती फार तर पूर्वी कधी संसर्ग झाला होता का ते सांगेल. आज जंतू आहे की नाही, हे तिच्यावरून ठरत नाही.

नमुना कसा द्यायचा यावर रिपोर्टची भिस्त असते. सगळ्यात चांगला नमुना योनीतल्या स्वॅबचा, आणि तो तू स्वतः घेऊ शकतेस. लॅबने दिलेली स्वॅबची काडी साधारण दोन इंच आत घालायची, दहा-पंधरा सेकंद गोल फिरवायची, नळीत टाकायची आणि झाकण लावायचं. डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच हा नमुना खात्रीचा ठरतो, म्हणून "आतून तपासतील" या भीतीने तपासणी टाळायची गरज नाही. लघवीचाच नमुना मागितला तर मात्र त्यात एक गफलत होते. साध्या तपासणीसाठी आपण सुरुवातीची धार सोडून मधली लघवी देतो आणि तीच सवय असते. इथे नेमकी उलटी पद्धत: निदान एक तास लघवीला न जाता सुरुवातीचीच धार, साधारण २० ते ३० मिली, एवढीच डबीत घ्यायची. डबी काठोकाठ भरली की जंतू पातळ होतात आणि रिपोर्ट खोटाच निगेटिव्ह येतो. एरवीही स्त्रियांमध्ये लघवीच्या नमुन्यातून काही संसर्ग निसटतात, म्हणून स्वॅबचाच आग्रह धर.

आणि नमुना दिल्यावर रिपोर्टची वाट बघत बसू नकोस. गोनोरिया सिद्ध झालेल्या माणसाशी गेल्या ६० दिवसांत संबंध आलेल्या जोडीदाराला लगेच उपचार देतात, हीच रीत आहे. याला दोन कारणं. एक तर संबंधानंतर पहिल्या दोन आठवड्यांत जंतू इतके थोडे असू शकतात की पीसीआरही चुकते. दुसरं, रिपोर्ट येईपर्यंतच्या दिवसांत माणसं पुन्हा भेटतात. तुम्ही भेटलातच की! म्हणून क्रम असा ठेव: आधी नमुना, मग त्याच दिवशी औषध. रिपोर्ट नंतर निगेटिव्ह आला तरी कोर्स अर्ध्यावर सोडायचा नाही.

औषधाचं गणित सोपं आहे. गोनोरियासाठी सेफ्ट्रायॅक्सोनचं एकच इंजेक्शन, कमरेत. मात्रा ५०० मिलिग्रॅम की १ ग्रॅम, हे डॉक्टर कोणती पद्धत पाळतात त्यावर ठरतं. दोन्ही बरोबर आहेत. क्लॅमिडियासाठी डॉक्सीसायक्लिन १०० मिलिग्रॅम, सकाळी एक आणि रात्री एक, सात दिवस. तुझ्या पत्रात मित्राच्या क्लॅमिडियाच्या रिपोर्टचा उल्लेख नाही. हे दोन जंतू बरेचदा जोडीने फिरतात, त्यामुळे क्लॅमिडिया नाही हे सिद्ध झालेलं नसेल तर त्याचंही औषध घ्यायचं. औषधाच्या दुकानात जाऊन सिप्रोफ्लॉक्सासिनची पट्टी घेण्याचा मोह मात्र आवर. गोनोरियाचे जंतू आपल्या देशात त्या गोळीला केव्हाचे पुरून उरले आहेत. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रायॅक्सोनच्या गटातल्या औषधाची कधी अॅलर्जी आली असेल तर इंजेक्शनच्या आधी सांग.

डॉक्सीसायक्लिनबद्दल कोल्हापूरकर म्हणून एक वेगळी ताकीद. गंगावेशीच्या कट्ट्यावर उभं राहून धारोष्ण दूध पिण्याची सवय असेल तर या सात दिवसांत दूध आणि गोळी यांची गाठ पडू देऊ नकोस. दुधातलं कॅल्शियम औषधाला आतड्यातच बांधून ठेवतं आणि ते रक्तात पुरेसं पोचत नाही. लोहाच्या आणि अॅसिडिटीच्या गोळ्यांचंही तेच. मध्ये निदान दोन तासांचं अंतर ठेव. गोळी जेवणानंतर, पेलाभर पाण्यासोबत घ्यायची आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही. पीजीत रात्री घोटभर पाण्याबरोबर गोळी गिळून लगेच झोपलेल्या मुली दुसऱ्या दिवशी "छातीत आग होते" म्हणत येतात, ती गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम झालेली असते. उन्हात फिरताना ओढणी बांध, या औषधात त्वचा लवकर भाजते.

पाळीची शेवटची तारीख आणि बुधवारची गोष्ट डॉक्टरांना आवर्जून सांग. गरोदरपणात डॉक्सीसायक्लिन देत नाहीत, त्याऐवजी अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच देतात. बुधवारमुळे दिवस गेले असतील तर ते आत्ताच्या तपासणीत दिसणार नाही. पाळी चुकली, किंवा त्या बुधवारला तीन आठवडे उलटले, की घरच्या घरी प्रेग्नन्सी टेस्ट कर.

आता मित्राकडे वळू, कारण सगळा घोळ तिथेच आहे. शनिवारच्या इंजेक्शनने त्याचा गोनोरिया बहुतेक गेला असेल. पण इंजेक्शन मिळालं म्हणजे पुढच्यासाठी संरक्षण मिळालं असं नसतं. हा आजार होऊन गेला तरी शरीरात प्रतिकारशक्ती तयार होत नाही, तो कितीही वेळा होऊ शकतो. बुधवारी तू उपचाराविना होतीस. तुझ्यात जंतू असतील तर ते त्याच्याकडे परत गेले असणार. वर त्याने डॉक्सीसायक्लिन मध्येच टाकलं, म्हणजे क्लॅमिडिया असेल तर तोही अर्धवट मेला. त्रास थांबणं आणि जंतू संपणं यांत अंतर असतं. पू चार दिवसांत थांबतो, तरी कोर्स सातच दिवसांचा असतो. म्हणून त्याने त्याच डॉक्टरांकडे जाऊन "गोळ्या सोडल्या आणि उपचार न झालेल्या जोडीदाराशी संबंध आला" ही दोन वाक्यं जशीच्या तशी सांगायची. बहुधा इंजेक्शन पुन्हा आणि गोळ्या पहिल्या दिवसापासून पुन्हा, असंच होईल.

तारखा मांडून बघू. समज, सोमवारी तुम्ही दोघेही गेलात. दोघांना इंजेक्शन मिळालं आणि त्याच रात्री दोघांनी पहिली गोळी घेतली. चौदा गोळ्या पुढच्या सोमवारी सकाळी संपतात. तोपर्यंत संबंध नाही, कंडोम घालूनही नाही. समज, तू सोमवारी गेलीस आणि तो मात्र टाळाटाळ करत गुरुवारी गेला. मग मोजणी गुरुवारपासून, म्हणजे मागे राहिलेल्याच्या तारखेने. आणि तो गेलाच नाही तर तुझे सात दिवस पूर्ण झाले तरी त्याच्यासोबत संबंध ठेवण्याची तारीख येतच नाही. ठेवलास तर तुझी मोजणी पुन्हा शून्यावर. "परत परत होतंय, औषध लागू पडत नाही" म्हणून येणाऱ्या मुलींची चौकशी केली की बहुतेक वेळा औषध लागू पडलेलं असतं, जोडीदाराने घेतलेलं नसतं.

त्याला निरोप कसा द्यायचा हे सुचत नसेल तर एवढंच लिही: "मी उपचार घेतेय. बुधवारमुळे तुला पुन्हा दाखवावं लागेल. डॉक्टर म्हणतात दोघांचे सात दिवस एकत्र पूर्ण व्हायला हवेत." कुणी कुणाला दिलं, हा विषय त्या निरोपात आणू नकोस.

त्या विषयाचं खरं उत्तर हे की रिपोर्टवरून ते कुणालाच सांगता येत नाही. त्याला त्रास आत्ता सुरू झाला म्हणजे त्याला लागण बहुधा अलीकडची, एवढाच तर्क करता येतो. तुझ्याकडून गेली असेल तर तुझ्यात ती गुपचूप कितीतरी आठवडे असू शकते. दुसऱ्या कुणाकडून त्याला आली असेल तर तुला ती मागच्या काही दिवसांतच मिळाली असेल. दोन्ही शक्यतांत तुझा रिपोर्ट एकसारखाच दिसेल. "तुझ्याकडूनच आलं" हे तो ठामपणे म्हणतो, त्याला वैद्यकीय आधार नाही. दीड वर्षात तुझा दुसऱ्या कुणाशी संबंध आला नसेल तर त्यातून काय निघतं ते तुझं तुला कळतं. ते बोलणं कोर्स संपल्यावर, शांतपणे, तुला हवं तेव्हा कर. उपचाराच्या दृष्टीने प्रश्न एकच: गेल्या ६० दिवसांत तुम्हा दोघांपैकी कुणाचा आणखी कुणाशी संबंध आला असेल, तर त्या व्यक्तीलाही कळवायला हवं. ते त्याने तुला सांगितलं नाही तरी डॉक्टरांना सांगावं. संडासाला मात्र निर्दोष सोड. हे जंतू अंगाबाहेर फार टिकत नाहीत आणि संडासाच्या भांड्यावरून लागत नाहीत.

कुठे जायचं? स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञ, दोघेही हे करतात. खर्चाचा प्रश्न असेल तर कोल्हापुरातल्या सरकारी रुग्णालयात, सीपीआरला जा. केसपेपर काढताना खिडकीवर आजार सांगायची गरज नाही, त्वचा व गुप्तरोग विभाग किंवा स्त्रीरोग ओपीडी एवढं पुरे. आत गेल्यावर "सुरक्षा क्लिनिक" विचार. लैंगिक आजारांसाठीची ही सरकारी सेवा आहे, तिथे समुपदेशक असतात आणि औषध मोफत मिळतं. सरकारी कार्यक्रमात स्रावासाठी वर्षानुवर्षं दिलं गेलेलं राखाडी किट म्हणजे अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम आणि सेफिक्झिम ४०० मिलिग्रॅम, दोन्ही एकाच वेळी घ्यायचं. तुला तेच दिलं तर नाकारू नकोस, पण "जोडीदाराला गोनोरिया सिद्ध झालाय, इंजेक्शन मिळेल का" हे जरूर विचार, कारण गोनोरियावर ते जास्त भरवशाचं आहे. मुखमैथुन झालं असेल तर तेही सांग, लाजू नकोस. घशातला गोनोरिया सेफिक्झिमला सहज दाद देत नाही. तिथला स्वॅब वेगळा घ्यावा लागतो, आणि घशात जंतू सापडलेच तर उपचारानंतर साधारण दोन आठवड्यांनी घसा पुन्हा तपासतात.

घरी कळण्याबद्दल: तू १८ वर्षांच्या वर आहेस. तपासणीला किंवा उपचाराला आई-वडिलांची सही लागत नाही आणि तुझ्या संमतीशिवाय डॉक्टरांनी त्यांना सांगायचं नसतं. गोष्ट फुटते ती डॉक्टरांकडून कमी आणि मोबाइलवरून जास्त. लॅबमध्ये फॉर्म भरताना घरचा नंबर देण्याची सवय असते आणि रिपोर्ट थेट बाबांच्या व्हॉट्सअॅपवर जातो. स्वतःचा नंबर दे, आणि पैसे देताना ज्या खात्याचे मेसेज घरी जातात ते वापरू नकोस.

त्याच भेटीत एचआयव्ही आणि सिफिलिसची रक्त तपासणीही करून घे. सरकारी रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी समुपदेशनासह मोफत होते आणि निकाल गुप्त ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. एका दारातून जे आलं त्याच्यामागून दुसरंही आलेलं असू शकतं, म्हणून हे सांगते, घाबरवायला नाही.

मुलाबाळांची काळजी. नुकसान होतं ते जंतू गर्भाशयातून वर चढून गर्भनलिकांत पोचले तर. तिथे सूज येते, ती ओसरताना व्रण राहतात, नळी आतून चिकटते. मग दिवस राहायला अडचण येते, किंवा गर्भ नळीतच रुजतो. उपचार न झालेल्या क्लॅमिडियात साधारण दहा-पंधरा टक्के स्त्रियांना अशी सूज येते, आणि प्रत्येक नव्या लागणीगणिक धोका वाढत जातो. तू लागणीच्या सुरुवातीलाच उपचार घेतलास तर या एका प्रसंगाने तुझं मातृत्व जाण्याची शक्यता फार कमी आहे. पण ओटीपोटात दुखायला लागलं, ताप आला, संबंधाच्या वेळी आत खोल दुखलं किंवा नंतर रक्त गेलं, तर त्याच दिवशी दवाखान्यात जा. तेव्हा हा सात दिवसांचा कोर्स पुरत नाही. इंजेक्शनसोबत डॉक्सीसायक्लिन चौदा दिवस आणि जोडीला मेट्रोनिडॅझोल लागतं. शिवाय दिवस गेल्याची शक्यता असताना एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, तर रात्र असली तरी थांबायचं नाही.

घशाची ती तपासणी सोडली तर कोर्स संपल्यावर आठवड्याभरात "गेलं का बघू" म्हणून पुन्हा पीसीआर करायची घाई करू नकोस. मेलेल्या जंतूंचे अंश तीन-चार आठवडे राहू शकतात आणि रिपोर्ट उगाच पॉझिटिव्ह येऊ शकतो. मग घाबरून विनाकारण दुसरा कोर्स सुरू होतो. फेरतपासणी करायची ती तीन महिन्यांनी, आणि ती गेलेल्या संसर्गासाठी नसून नव्याने लागण झाली का हे बघण्यासाठी असते. एचआयव्ही आणि सिफिलिसचं रक्त त्याच वेळी पुन्हा दे, म्हणजे एकाच फेरीत काम होईल. त्यानंतर पंचवीस पूर्ण होईपर्यंत वर्षातून एकदा, आणि जोडीदार बदलला तर त्याच्यासोबत कंडोम सोडण्याआधी दोघांनीही तपासून घ्या.